दोन हुकूम, एक गुरुजी

बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे बीएलओ, हे भारतातल्या निवडणूक यंत्रणेचे गावातले शेवटचे टोक. एका मतदान केंद्राची मतदारयादी खरी ठेवणे हे त्याचे काम. कोण अठरा वर्षांचा झाला, कोण वारला, कोणती सून नव्याने घरात आली, कोणते कुटुंब पोटासाठी नागपुरात गेले, हे त्याने दारोदार जाऊन पाहायचे आणि कागदावर आणायचे. या कामासाठी निवडणूक आयोगाकडे गावपातळीवर स्वतःचा एकही कायम कर्मचारी नाही. म्हणून माणूस दुसऱ्या खात्याकडून घेतला जातो. कुठे अंगणवाडी कार्यकर्ती, कुठे पंचायतीचा कर्मचारी, आणि फार ठिकाणी सरकारी शाळेतला शिक्षक. ज्या दिवशी हा आदेश शिक्षकाच्या हातात पडतो, त्या दिवसापासून त्याला दोन साहेब असतात.

पांढुर्णा तालुक्यातले तिगाव हे असे काम समजून घ्यायला योग्य गाव आहे. नागपूर–इटारसी लोहमार्गावर तिगावचे स्टेशन आहे, भोवती संत्र्याचे मळे आहेत, घरात आणि ओट्यावर मराठी चालते आणि सरकारी कागद हिंदीत येतो. 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तेव्हापासून तिगावच्या माणसाचा जिल्हा हाकेच्या अंतरावर आला. शिक्षकाच्या दोन्ही वरिष्ठांच्या साखळ्या याच जिल्ह्यात येऊन संपतात, आणि त्या कुठे संपतात हे पाहिल्याशिवाय त्याची अडचण कळत नाही.

पहिली साखळी शाळेची. मुख्याध्यापक, त्यांच्यावर जनशिक्षक, मग विकासखंडाचे बीआरसी कार्यालय, मग जिल्हा शिक्षण कार्यालय. पगार संकुल प्राचार्यांच्या सहीने निघतो. दुसरी साखळी निवडणुकीची. बीएलओवर सुपरवायझर, त्यावर सहायक मतदार नोंदणी अधिकारी म्हणून तहसीलदार, त्यावर मतदार नोंदणी अधिकारी म्हणून एसडीएम, आणि वर जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून कलेक्टर. जिल्ह्यातल्या शाळांच्या कारभारावरही कलेक्टरचीच नजर असते. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच खुर्चीपाशी मिळतात. पण ती खुर्ची गुरुजींपासून कितीतरी पायऱ्या वर आहे, आणि दोन आदेशांची टक्कर होते ती अगदी खालच्या पायरीवर, सकाळी साडेदहाला, शाळेच्या फाटकात.

व्यवस्थापनशास्त्रात अशा रचनेला मॅट्रिक्स म्हणतात. फ्रेंच खाण अभियंता आंरी फेयॉल याने 1916 साली लिहिले की एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. त्याच्याआधी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने नेमके उलटे सुचवले होते: कामाच्या प्रत्येक अंगाचा जाणकार मुकादम वेगळा असावा आणि कामगाराने त्या-त्या बाबतीत त्याचे ऐकावे. 1960 च्या दशकात अमेरिकेतल्या विमान आणि अंतराळ उद्योगात टेलरचा विचार वेगळ्या रूपात परत आला. अभियंता आपल्या विद्याशाखेच्या विभागप्रमुखाला जबाबदार, आणि ज्या यानावर काम चालू आहे त्या प्रकल्पाच्या प्रमुखालाही जबाबदार. पुण्या-बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आज हीच रीत आहे. पण तिथे निदान दोन्ही वरिष्ठ एका इमारतीत बसतात आणि एकाच मालकाच्या नफ्यासाठी झटतात. गुरुजींचे दोन वरिष्ठ दोन वेगळ्या कायद्यांनी बांधलेले आहेत.

पहिला कायदा 1950 चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम. त्याचे कलम 13सीसी सांगते की मतदारयादी तयार करण्याच्या, तपासण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या कामावर नेमलेला प्रत्येक कर्मचारी त्या काळापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहे असे मानले जाईल, आणि त्याच्यावर नियंत्रण, देखरेख आणि शिस्त आयोगाची चालेल. याच कायद्याच्या कलम 32 खाली यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कसूर करणाऱ्याला तीन महिन्यांपेक्षा कमी नाही अशी, दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड होऊ शकतो. दुसरा कायदा 2009 चा शिक्षण हक्काचा. त्याच्या कलम 24 प्रमाणे शिक्षकाने नियमित आणि वेळेवर शाळेत यायचे, अभ्यासक्रम ठरल्या काळात पुरा करायचा. न केल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हायलाच हवे, असे याच कायद्याची अनुसूची म्हणते. आणि कलम 27 शिक्षकाला शिकवण्याखेरीज दुसऱ्या कामाला लावायला मनाई करते, पण तीन अपवाद ठेवून: दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतले मदतकार्य आणि निवडणुकीचे काम.

या दोन कायद्यांत हुकमाची टक्कर शब्दांत तरी नाही. शिक्षणाचा कायदा निवडणुकीला वाट देतो, निवडणुकीचा कायदा माणूस आपल्याकडे ओढून घेतो. गोची तिसरीकडे आहे. कोणाचे ऐकायचे हे कायद्याने सांगितले, पण त्या वेळात कोणते काम राहिले तरी चालेल हे कोणीच सांगितले नाही. आठशे तास आठशेच राहिले, यादीची मुदतही तीच राहिली. ‘दोन्ही करा’ या हुकमाचा अर्थ खाली येता येता एवढाच उरतो की काय सोडायचे ते तुम्हीच ठरवा, आणि त्याचा जबाबही तुम्हीच द्या.

सर्वोच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2007 रोजी निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज शाळा या प्रकरणात वेळेची वाटणी घालून दिली. शिक्षकांना यादीच्या आणि निवडणुकीच्या कामाला सुट्टीच्या किंवा अध्यापन नसलेल्या दिवशी लावावे. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळात सामान्यतः लावू नये. शिकवण्याचे काम नसलेला कर्मचारीवर्ग मात्र कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी घेता येईल. ही वाटणी न्याय्य आहे, आणि वर्षभराच्या संथ दुरुस्तीच्या कामाला ती पुरतेही. एखाद्या महिन्यात दहा नावे वाढवायची, चार कमी करायची, एवढे रविवारी होऊन जाते. वाटणी मोडते ती सगळी यादी नव्याने तपासायची ठरते तेव्हा. ती का मोडते हे आकड्यांनी पाहिल्याशिवाय समजत नाही, कारण दोन्ही साहेबांना आपापले काम खरोखर छोटेच वाटत असते.

निवडणूक आयोगाने 27 ऑक्टोबर 2025 रोजी विशेष सखोल पुनरीक्षणाचा दुसरा टप्पा जाहीर केला. बारा राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत मध्य प्रदेश होता. 4 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर या काळात बीएलओने प्रत्येक मतदाराचे गणनापत्रक दोन प्रतींत घरी पोचवायचे, भरून परत घ्यायचे आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये चढवायचे. घर बंद असेल तर तीनदा तरी जायचे. एका मतदान केंद्रावर 1200 च्या आत मतदार असावेत असे धोरण होते.

आता एक नमुन्याची शाळा आणि नमुन्याचे केंद्र धरून हिशेब मांडता येतो. केंद्रावर 1000 मतदार, घरटी चार धरले तर 250 घरे. एका घरी पत्रक देताना, समजावून सांगताना आणि पुढच्या घरापर्यंत चालत जाताना मिळून दहा मिनिटे लागतात असे मानावे. हे उदार नव्हे, कसोशीचे गणित आहे, कारण जुन्या यादीतले आईबापांचे नाव शोधायला कित्येक घरी याहून जास्त वेळ जातो. 250 घरांना 2500 मिनिटे, म्हणजे जवळपास 42 तास. परत घ्यायला तेवढेच, आणखी 42 तास. एक पत्रक अ‍ॅपमध्ये चढवायला तीन मिनिटे धरली, तर हजार पत्रकांचे 50 तास. एकूण 134 तास. तिसरी फेरी यात धरलेली नाही, गावाबाहेर गेलेल्यांना केलेले फोन धरलेले नाहीत, आणि नेटवर्क नसल्याने वाट पाहिलेली रात्र तर नाहीच.

आता हाताशी असलेले तास. 4 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर हे 31 दिवस. त्यात चार रविवार आणि 5 तारखेची गुरुनानक जयंती, असे पाच मोकळे दिवस. दिवसाला आठ तास काम केले तर 40 तास. उरलेले 26 शाळेचे दिवस. शाळा साधारण साडेदहा ते साडेचार. शाळेआधी आणि शाळेनंतर मिळून रोज अडीच तास काढले, तर 65 तास. दोन्ही मिळून 105. म्हणजे न्यायालयाने घातलेली मर्यादा तंतोतंत पाळली, एकही रविवार घरच्यांना दिला नाही, आजारी पडायची मुभा ठेवली नाही, तरी 29 तास कमी पडतात. ते कुठून तरी येणारच. येण्यासारखी जागा एकच: वर्ग.

तिगावच्या भागात हा हिशेब आणखी आवळतो. नोव्हेंबर हा आंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडणीचा काळ. माणसे उजाडता मळ्यात जातात आणि दिवस मावळता परततात. घरातला जाणता माणूस ज्या वेळी भेटतो ती वेळ संध्याकाळची, आणि संध्याकाळचे ते दोन तास अडीचशे घरांत वाटायचे असतात. दुपारी गेले तर म्हातारी माणसे असतात, ती प्रेमाने बसवतात, पाणी देतात, पण नाव, तारीख, जुन्या यादीतला अनुक्रमांक यांतले काही त्यांना सांगता येत नाही. पत्रक हिंदीत, सांगणे मराठीत, त्यामुळे प्रत्येक रकाना तोंडी उलगडावा लागतो.

कायदा म्हणतो, साठपर्यंत मुले असली तर प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. खेड्यातल्या पुष्कळ शाळा अशाच दोनशिक्षकी आहेत. दोघांतले एक गुरुजी बीएलओ झाले की उरलेल्या एका शिक्षकाकडे पाच वर्ग येतात. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवायला बसवायचे, पाचवीला गणित घालायचे, आणि मध्येच माध्यान्ह भोजनाची नोंद करायची. 29 तास म्हणजे सहा तासांच्या शाळेचे जवळपास पाच दिवस. वर्षाच्या दोनशे दिवसांत पाच दिवस थोडेच वाटतात. पण ते सलग येत नाहीत. ते रोजच्या एकेका तासाने येतात, आणि नेमका तो तास रोज त्याच वर्गाचा जातो.

या ताणात दोन्ही साहेब रोज हिशेब मागतात आणि दोघांचे मोजमाप वेगवेगळे असते. निवडणुकीच्या बाजूला आज किती पत्रके वाटली, किती चढवली, याची टक्केवारी संध्याकाळी सुपरवायझरच्या गटावर जाते. शाळेच्या बाजूला मध्य प्रदेशात जुलै 2025 पासून ‘हमारे शिक्षक’ या अ‍ॅपवरून शाळेच्या ठिकाणीच हजेरी नोंदवायची सक्ती झाली. एक अ‍ॅप गुरुजींना शाळेत पाहू इच्छिते, दुसरे गल्लीत. कोणतेही अ‍ॅप दुसऱ्याला विचारत नाही. दोन वरिष्ठ माणसे निदान एकमेकांना फोन तरी करू शकतात.

अशा वेळी माणूस कोणत्या बाजूला झुकतो हे कामाच्या महत्त्वावर ठरत नाही, शिक्षेच्या धाकावर ठरते. एका बाजूला कलम 32 ची कैद आणि निलंबनाची धमकी, तीही महिन्याच्या आत. दुसऱ्या बाजूला कारणे दाखवा नोटीस, आणि मुले किती मागे पडली हे कळायला पुढची परीक्षा. म्हणून जवळजवळ नेहमी वर्ग हरतो. शिक्षणाच्या कामाचे नुकसान उशिरा दिसते एवढाच त्याचा दोष, आणि त्या दोषापायी त्याची पाळी शेवटी येते. हे फार वाईट आहे, कारण त्यात मुलाची बाजू घेऊन बोलणारा कोणताही अधिकारी त्या संध्याकाळच्या गटावर नसतो.

पण झुकूनही काम पुरे पडले नाही की तिसरी गोष्ट घडते, आणि तिच्यावर खरी नजर ठेवायला हवी. दोन्ही कागद पुरे दिसायला लागतात. शाळेच्या हजेरीपटावर पूर्ण दिवस, यादीच्या नोंदीत प्रत्येक घरी तीन फेऱ्या. दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही हे वरच्या हिशेबावरून उघड आहे. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. मुलांच्या वह्यांत तारखांमध्ये खंड पडलेला असतो, फळ्यावरचा धडा आठवडाभर तोच असतो. अ‍ॅपमधल्या नोंदी दिवसभर विखुरलेल्या नसतात. रात्री दहा ते एकच्या दरम्यान शंभर-शंभर एकदम चढलेल्या असतात. आणि एका गल्लीत ‘अनुपस्थित’ किंवा ‘स्थलांतरित’ असा शेरा अचानक दाट होतो.

हा शेरा सर्वांत महाग पडतो. तिसऱ्या फेरीला वेळ उरला नाही की बंद दार म्हणजे गेलेला माणूस असे गृहीत धरण्याचा मोह होतो. पांढुर्ण्याच्या गावांतून कामासाठी नागपूरकडे जाणारे आणि सणावाराला परतणारे पुष्कळ. त्यांचे दार नोव्हेंबरात बंद असते, आणि ते तिगावचेच असतात. शेरा पडला की प्रारूप यादीत नाव नसते. मग नमुना 6 भरून पुन्हा नाव घालायचे, म्हणजे कामाचा दिवस बुडवून गावी यायचे. दोन साहेबांच्या मधल्या फटीत गुरुजी तर भरडतातच, पण शेवटी किंमत मोजतात ते वर्गातले मूल आणि बंद दाराचा मजूर. दोघेही या हुकमांच्या साखळीत कुठेच नाहीत.

मग दोन साहेब मुळात ठेवावेतच का, असा प्रश्न येतो, आणि त्याला आधीचा एक अनुभव आहे. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ग्रामसेवकही असाच दुहेरी बांधला गेला होता: प्रशासनापुरता विकासखंड अधिकाऱ्याकडे, शेतीच्या सल्ल्यापुरता कृषी विस्तार अधिकाऱ्याकडे. ज्याचा तगादा मोठा त्याचे काम पुढे, आणि शेतकऱ्याच्या बांधावर जाणे मागे. 1970 च्या दशकात इस्रायली कृषितज्ज्ञ डॅनियल बेनॉर यांनी प्रशिक्षण आणि भेट पद्धती आणली. तिचा कणा हाच होता की गावात फिरणाऱ्या कृषी कार्यकर्त्यावर तांत्रिक आणि प्रशासकीय हुकूम एकाच खात्याचा चालावा आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. भारतात राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या चंबळ खोऱ्यात तिची सुरुवात झाली.

यादीच्या कामाला ही तोड लागू पडत नाही. मतदारयादी राज्य सरकारच्या हाताबाहेर राहावी म्हणून तर संविधानाने स्वतंत्र आयोग केला. आणि गावोगाव कायम नोकर ठेवण्याइतके काम वर्षभर नसते म्हणून अनुच्छेद 324(6) प्रमाणे आयोगाने मागितलेला कर्मचारीवर्ग राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी त्याला पुरवायचा. दोन साहेब ही इथे चूक नसून गरज आहे. चूक असते ती उसन्या घेतलेल्या माणसाची मूळ जागा भरलेलीच आहे असे समजण्यात.

म्हणून उपाय गुरुजींच्या सोशिकपणात शोधू नये. पहिला उपाय कागदाचा आहे. तोंडी ‘जरा गावात जाऊन या’ हे शब्द दोन्ही बाजूंना सोयीचे असतात, कारण त्यांत कोणाचीच सही नसते. त्याऐवजी एसडीएमच्या कार्यालयातून नाव, केंद्र, तारखा आणि तास लिहिलेला आदेश निघाला, त्याची प्रत संकुल प्राचार्यांना गेली, आणि त्यावर प्राचार्यांनी त्या तासांसाठी वर्ग कोण घेणार हे लिहिले, तर 29 तासांना मालक मिळतो. असा कागद स्वतःहून निघत नसेल, तर शिक्षकाने मुख्याध्यापकांमार्फत तो लेखी मागावा, आणि मागताना गाऱ्हाणे न मांडता तासांचा हिशेब जोडावा. 250 घरे, 134 तास, हाताशी 105. हे वाचून कोणत्याही अधिकाऱ्याला ‘दोन्ही करा’ असे लिहून सही करणे जड जाते.

दुसरा उपाय माणसाचा. मध्य प्रदेशात अतिथी शिक्षकांची व्यवस्था आहेच. महिनाभरासाठी दोनशिक्षकी शाळेला ती देता येते. किंवा नेमणुकीच्या वेळीच दोनशिक्षकी शाळा वगळून दुसऱ्या खात्याचा माणूस घेता येतो. हे दोन्ही निर्णय तहसीलदार किंवा बीआरसी एकट्याने घेऊ शकत नाहीत. ते जिथे दोन्ही साखळ्या मिळतात तिथेच, कलेक्टर कचेरीतच होऊ शकतात, आणि काम सुरू होण्याआधीच व्हायला हवेत.

2025 च्या फेरीत तसे झाले नाही. मुदत आधी 11 डिसेंबरपर्यंत वाढली, मग मध्य प्रदेशासाठी 18 डिसेंबरपर्यंत. वरच्याच दराने मोजले तर या वाढीव 14 दिवसांत दोन रविवारांचे 16 आणि बारा दिवसांचे 30 असे 46 तास मिळतात, आणि 105 मध्ये ते मिळवले की 151 होतात. म्हणजे सहा आठवड्यांची मुदत पहिल्याच दिवशी जाहीर झाली असती, तर नमुन्याच्या या केंद्राचे काम वर्गाला हात न लावता, थोडी उसंत ठेवून, पुरे झाले असते. मुदतवाढ तुकड्यातुकड्याने, शेवटी शेवटी आली. तोवर वर्गातले तास जाऊन चुकले होते. 4 डिसेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की बीएलओंवरचा भार हलका करण्यासाठी जादा कर्मचारी द्यावेत, आणि ज्यांची खरी अडचण आहे त्यांच्या विनंतीचा एकेकाचा वेगळा विचार करून बदली माणूस नेमावा. 2007 च्या निकालाने घड्याळ वाटून दिले होते. या आदेशाने माणूस पुरवण्याची जबाबदारी, ज्याचा कर्मचारी उसना घेतला जातो त्या राज्य सरकारवर नाव घेऊन टाकली. तिगावच्या शाळेपुरते तिचे पालन मोजायचे तर एवढेच पाहावे लागेल की पुढच्या पुनरीक्षणाच्या पहिल्या सोमवारी, बीएलओ गुरुजी गल्लीत असताना, त्यांच्या वर्गाच्या हजेरीपटावर दुसऱ्या कोणाची सही आहे का.